वणव्याला चढ का आवडतो?

डोंगराच्या पायथ्याशी आग दिसली की माणसाचे पाय आपोआप माथ्याकडे वळतात. आग खाली आहे, तर आपण वर जावे, हा विचार इतका सरळ वाटतो की त्यावर कोणी दुसऱ्यांदा विचार करत नाही. अडचण एवढीच की आगीलाही त्याच दिशेला जायचे असते. चढावर माणूस दमतो आणि त्याचा वेग कमी होतो. आगीचा वेग मात्र त्याच चढावर कित्येक पटींनी वाढतो. या शर्यतीचा सर्वात बारकाईने अभ्यासला गेलेला प्रसंग अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, मॅन गल्च नावाच्या एका घळीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी घडला.

मिझुरी नदीच्या काठी ही घळ आहे. आदल्या दिवशी वीज पडून घळीच्या दक्षिणेकडच्या धारेवर आग लागली होती. ती विझवण्यासाठी विमानातून हवाई छत्रीने उतरणारी तुकडी पाठवण्यात आली. पंधरा जण उतरले. त्यांचा रेडिओ छत्री न उघडल्यामुळे जमिनीवर आपटून फुटला. खाली एकटाच आगीशी झगडत असलेला एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला आणि तुकडी सोळा जणांची झाली. नायक होता वॅग डॉज, अनुभवी माणूस. आग वरच्या धारेवर, दाट झाडीत, सावकाश जळत होती. घळीतून खाली नदीकडे जायचे, पाठीशी पाणी ठेवायचे आणि आगीवर मागच्या बाजूने हल्ला करायचा, असा बेत ठरला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यात काही गैर नव्हते.

घळीच्या दोन बाजू मात्र सारख्या नव्हत्या. ज्या बाजूला आग होती तिचे तोंड उत्तरेला होते. तिथे ऊन कमी, ओल जास्त, म्हणून फर-पाइनची दाट झाडी होती. समोरची बाजू दक्षिणेला तोंड करून दिवसभर उन्हात भाजत होती. तिथे झाडे विरळ आणि त्यांच्यामध्ये गुडघ्याच्या वर पोहोचणारे, पूर्ण वाळलेले गवत. तुकडी या गवताळ उतारावरून खाली निघाली होती. त्या दिवशी जवळच्या हेलेना शहरात पारा ३६ अंशांपर्यंत गेला होता.

संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास डॉजला दिसले की घळीच्या तोंडाशी, म्हणजे त्यांच्या आणि नदीच्या मध्ये, आग पेटलेली आहे. वाऱ्याने धारेवरच्या निखाऱ्यांना उडवून या बाजूच्या गवतात टाकले होते. दीड-दोनशे मीटर अंतर असेल. त्याने सगळ्यांना मागे वळवले आणि तिरके, चढावरून वर न्यायला सुरुवात केली. इथून पुढची दहा-बारा मिनिटे समजून घ्यायची तर उतार, गवत आणि वारा या तिघांचे काम आधी पाहावे लागेल.

काडीपेटीतली काडी पेटवून आडवी धरली तर ज्योत सावकाश सरकते. पेटलेले टोक खाली धरले तर ज्योत काडीवर चढत झरझर बोटांपर्यंत येते. हे सगळ्यांनी पाहिलेले असते. डोंगरावर तेच घडते, फक्त काडीच्या जागी उतार असतो. सपाटीवर ज्वाला सरळ वर जातात आणि त्यांची बरीचशी उष्णता आकाशात निघून जाते. चढावर जमीनच ज्वालेच्या दिशेने उचललेली असते. पुढचे गवत ज्वालेच्या जवळ येते, त्याला उष्णतेचे किरण थेट लागतात, वर चढणारी तापलेली हवाही त्याच्याच अंगावरून जाते. ते पेटण्याआधीच वाळून, तापून तयार झालेले असते. ऑस्ट्रेलियातल्या वन अधिकाऱ्यांनी वापरात आणलेला एक ठोकताळा आहे: दर दहा अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे वीस अंशांवर चौपट, तीस अंशांवर आठपट. उताराने खाली येणारी आग उलट मंदावते.

चढ पंचवीस-तीस अंशांच्या पुढे गेला की आणखी एक गोष्ट होते. ज्वाला वर उठायच्या सोडून जमिनीला चिकटून आडव्या पसरतात. हे शास्त्रज्ञांना नीट उमगले ते डोंगरावर नाही, तर लंडनच्या भुयारी रेल्वेत. नोव्हेंबर १९८७ मध्ये किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली. ती छोटी होती, प्रवासी शेजारून ये-जा करत होते. मग काही क्षणांत आगीचा लोळ वर तिकीट खिडक्यांच्या दालनात घुसला आणि ३१ जण दगावले. जिन्याचा उतार तीस अंशांचा होता. दोन्ही बाजूंच्या कठड्यांमुळे तो एक चर बनला होता, आणि त्या चरात ज्वाला पायऱ्यांना चिकटून झोपल्या होत्या. डोंगरातल्या अरुंद घळी आणि ओहोळ नेमके असेच चर असतात. तिथे थंडावा आणि आडोसा वाटतो, म्हणून माणसे शिरतात. आगीसाठी ते धुराडे असते.

आता गवत. वणव्याचे शास्त्र जळणाची जात पाहत नाही, जाडी पाहते. जाड ओंडक्याला हवेतल्या कोरडेपणाशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. बोटाएवढ्या फांदीला काही तास पुरतात. गवताची काडी, सुकलेले पान, पाइनची सुई यांना तासभरही लागत नाही. पहाटे दव पडलेले वाळके गवत पेटवू म्हटले तरी धड पेटत नाही, कारण त्याच्या वजनाच्या वीस-पंचवीस टक्के पाणी त्यात असते. तेच गवत दुपारी दोन वाजता चार-पाच टक्क्यांवर येते. पाण्याचा हा वाटा महत्त्वाचा, कारण पेटण्याआधी ते पाणी उकळून घालवण्यात उष्णता खर्च होते. ती बचत झाली की सगळी उष्णता पुढची काडी पेटवण्याच्या कामी येते. म्हणून सकाळी नऊला जी आग दोन माणसे हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतात, ती दुपारी तीनला वीस जणांना ऐकत नाही. आग तीच, गवत तेच, फक्त त्यातले पाणी गेलेले असते.

सह्याद्रीत हे गणित दरवर्षी मांडले जाते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर आणि उतारांवर कमरेएवढे गवत माजते, दिवाळीनंतर पिवळे पडते आणि फेब्रुवारीपर्यंत त्याचे सरपण होते. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरतो, आणि त्याआधी गवत कापून, जाळून जाळरेषा काढल्या जातात त्या यासाठीच. दक्षिण आणि पश्चिमेकडे तोंड असलेले उतार आधी वाळतात. दाट झाडीखाली मात्र सावली आणि वारा कमी, त्यामुळे पालापाचोळ्यातली आग रांगत जाते. झाडीतली आग दिसायला भयंकर आणि गवतातली किरकोळ वाटते, पण पळणाऱ्या माणसाला गाठते ती बहुधा गवतातली.

तिसरा वारा. वारा ज्वाला पुढे वाकवतो, म्हणजे सपाटीवरही चढाचेच काम करतो, शिवाय ताजा ऑक्सिजन पुरवतो. इथेही एक ठोकताळा आहे. कोरड्या गवतात आगीचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण एक पंचमांश, जंगलात साधारण एक दशांश. वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर गवतातली आग ताशी ८ किलोमीटरने येईल, म्हणजे मिनिटाला सुमारे १३० मीटर. हा सपाटीचा हिशेब झाला. चढाची भर त्यात पडायची आहे. माणसाचे काय? धडधाकट तरुण, पाठीवर सामान, तीस अंशांचा गवताळ निसरडा चढ. जीव तोडून धावला तरी ताशी ४ किलोमीटर फार झाले, तेही काही मिनिटेच. दोनशे मीटरची आघाडी असली तर आग मिनिटाला ६५-७० मीटरने अंतर तोडते आणि तीन मिनिटांत पाठीशी येते.

वारा आणखी एक खोडी करतो. तो पेटलेली साल, पाने, सुया उचलून पुढे फेकतो. मग आगीची एकच रेषा राहत नाही. मुख्य आगीच्या कितीतरी पुढे, ओढ्यापलीकडे, जाळरेषेपलीकडे नवे ठिपके पेटतात आणि मधली माणसे दोन आगींच्या मध्ये सापडतात.

मॅन गल्चमध्ये सुरुवातीला आग तुकडीच्या मागे होती आणि अंतर टिकून होते. घळीचे तोंड नदीकडे, वारा तिकडूनच वर येत होता आणि घळीच्या दोन भिंती त्याला एकाच दिशेने रेटत होत्या. जसजशी तुकडी वर गेली तसतसा चढ वाढला, झाडे संपली आणि उघडे गवत लागले. अमेरिकी वनसेवेतले अभियंते रिचर्ड रॉदरमेल यांनी १९९३ मध्ये हा सगळा प्रसंग मिनिटा-मिनिटाने पुन्हा मांडला. उताराची मोजमापे, गवताची दाटी, वाऱ्याचा अंदाज आणि वाचलेल्यांच्या जबान्या यांवरून त्यांनी आगीचा आणि माणसांचा वेग एकाच आलेखावर काढला. दोन रेषा आधी जवळजवळ समांतर जातात. मग माणसांची रेषा खाली झुकते आणि आगीची उभी चढते. ही शर्यत जिंकता येण्यासारखी नव्हती, असाच त्यांचा निष्कर्ष होता.

सहाला सात मिनिटे कमी असताना डॉजने अवजारे टाकून द्यायला सांगितले. दोनेक मिनिटांनी तो थांबला आणि त्याने काडी ओढून स्वतःच पुढचे गवत पेटवले. मागून ज्वाला येत असताना नायक पुढे आग लावतो, हे पाहून त्याला वेड लागले असे बाकीच्यांना वाटले असल्यास नवल नाही. त्याने लावलेली आग चढावर सुसाट गेली आणि मागे काळी, जळून संपलेली जागा राहिली. तो त्या राखेत शिरला, बाकीच्यांना हाका मारल्या, ओले फडके तोंडावर धरून पालथा पडला. ज्याला जाळायला काही नाही तिथे आग येणार कशी? मुख्य आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. तिच्या झोताने तो जमिनीवरून उचलला जात होता, असे त्याने नंतर सांगितले. त्याच्याखेरीज राखेत कोणी गेले नाही. दोन तरुण धारेवरच्या खडकातल्या फटीतून पलीकडे निसटले आणि दगडांच्या राशीवर थांबले. तेरा जण गेले, त्यातले दोघे दुसऱ्या दिवशी रुग्णालयात. एकाच्या घड्याळाचे काटे सहाला चार मिनिटे कमी असतानाच्या वेळेवर थिजलेले सापडले.

तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी गिर्यारोहकांचे गट असेच वाळक्या गवताच्या उतारावर सापडले. मृतांचा आकडा अखेर २३ वर गेला, त्यातले अनेक जण नंतरच्या दिवसांत भाजल्याने आणि त्यातून झालेल्या गुंतागुंतीने रुग्णालयात दगावले. डोंगरात फिरणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते इतकेच की आग खाली असेल तर वर जाऊ नये. आडवे जाऊन तिच्या बाजूने निसटावे. उघडा कातळ, नांगरलेले शेत, रस्ता किंवा आधीच जळून काळी झालेली जमीन गाठावी. जळलेली जमीन घाबरवते, पण तीच सर्वात सुरक्षित असते. खिंड आणि घळ टाळावी, कारण वारा तिथेच एकवटतो.

आगीने जितकी माणसे भाजतात त्याहून कितीतरी जास्त माणसांपर्यंत तिचा धूर पोहोचतो. इथे गणित थोडे उलटे होते. सर्वात वेगवान आग सर्वात जास्त धूर देतेच असे नाही. कोरडे गवत काही सेकंदांत जवळजवळ पूर्ण जळते, ज्वालेची उष्णता धुरातले बरेचसे कणही जाळून टाकते. खरा धूर देतात ते मागे राहिलेले ओंडके, बुंधे, ओलसर पाचोळ्याचा जाड थर. ज्वाला न दिसता हे दिवसेंदिवस धुमसत राहतात. किलोमागे किलो तुलना केली तर धुमसणारे लाकूड ज्वालेने जळणाऱ्या लाकडापेक्षा कितीतरी पट जास्त सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. चुलीत ओले लाकूड घातले की डोळे का चुरचुरतात, याचे उत्तर हेच आहे. म्हणून "आग आटोक्यात आली" ही बातमी येते तेव्हा दरीतल्या गावांचा त्रास बऱ्याचदा नुकता सुरू झालेला असतो.

हा धूर कुठे जाईल तेही उतार आणि वाराच ठरवतात. दिवसा डोंगराचे अंग तापते, हवा चढावर वाहते आणि धूर वर, दूर निघून जातो. सूर्य मावळला की वारा उलटतो. थंड, जड हवा ओढ्या-घळींतून पाण्यासारखी खाली ओघळते आणि धूर सोबत घेऊन दरीत साचते. तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. उत्तराखंडात चीडच्या सुयांचे जाड थर एप्रिल-मेमध्ये पेटतात तेव्हा सकाळी दऱ्या दुधाळ दिसतात त्या यामुळेच. पहाटे पाच ते नऊ ही वेळ सर्वात वाईट असते, आणि नेमक्या त्याच वेळी लोक शुद्ध हवेसाठी फिरायला निघतात. दहा-अकराला ऊन चढते, झाकण फुटते, धूर उठतो आणि आभाळ निवळते. आग विझवणारे मात्र याच क्षणी सावध होतात. धूर उठला याचा अर्थ खाली अडकलेली हवा मोकळी झाली, वारा आगीपर्यंत पोहोचला आणि ती आता उसळणार. मॅन गल्चसारख्या बहुतेक घटना दुपारच्या आणि संध्याकाळच्या आहेत. धुराचा रंगही काही सांगतो. पांढरा धूर म्हणजे जळणात पाणी आहे. काळपट, गोळ्या-गोळ्यांनी उसळणारा धूर म्हणजे आग जोरात आहे आणि तिला हवा अपुरी पडते आहे. धुराचा खांब सरळ उभा होता आणि अचानक कलला, तर वारा बदलला.

शरीरात हा धूर दोन वेगळ्या वाटांनी त्रास देतो आणि त्या एकमेकांत मिसळू नयेत. आगीजवळ असलेल्याला धोका कार्बन मोनॉक्साइडचा. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाचे डोके दुखते, मळमळते, तो गोंधळतो, चुकीच्या दिशेला चालू लागतो. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखेच लाल दिसते, आणि तो ९८ दाखवत राहतो. असा माणूस आकड्यावर विसंबून घरी ठेवू नये. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. ज्याच्या नाकातले केस जळले आहेत, आवाज बसला आहे, थुंकीत काजळी आहे, त्याच्या स्वरयंत्राला आतून भाजलेले असू शकते. तो आल्या-आल्या बोलतो, चालतो आणि काही तासांत घसा सुजून श्वास कोंडतो. त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

दूर दरीत राहणाऱ्याला त्रास होतो तो सूक्ष्म कणांचा. अडीच मायक्रॉनहून बारीक असलेले हे कण नाकात-घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात आणि तिथून दाह सगळ्या शरीरात पसरतो. चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. दरीत धूर साचला की हे दोन्ही आकडे सहज मागे पडतात. दमेकऱ्याला धाप पहिल्याच दिवशी लागते. हृदयविकार असलेल्याला छातीत दुखणे, ठोके चुकणे असा त्रास एक-दोन दिवस मागाहूनही होऊ शकतो, आणि तोवर आकाश स्वच्छ झाले असेल तर धुराशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही.

ओला रुमाल किंवा कापडी मास्क हे कण अडवत नाही. नीट बसलेला एन-९५ मास्क अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही आरपार जातो. धुराच्या दिवसांत दरीतल्या घराची दारे-खिडक्या रात्री आणि सकाळी बंद ठेवाव्यात, दुपारी हवा निवळल्यावर उघडाव्यात. दम्याचे पंप संपत आले असतील तर आधीच आणून ठेवावेत. आणि फिरायला जायचेच असेल तर वणव्याच्या दिवसांत ते पहाटेऐवजी दुपारनंतर.